महामंडळ किंवा शासकीय कंपनी ‘राज्य’ आहे का, हे कसे तपासावे

महामंडळाविरुद्धच्या रिट याचिकेत ठरलेले एक वाक्य असते: ‘प्रतिवादी क्रमांक 2 ही शासकीय कंपनी असल्याने ती अनुच्छेद 12 अन्वये राज्य आहे.’ समोरचा वकील पहिला घाव याच वाक्यावर घालतो, कारण त्यात निष्कर्ष आहे आणि एकही तथ्य नाही. शासकीय कंपनी ही कंपनी कायद्यातली व्याख्या आहे. ‘राज्य’ ही संविधानातली व्याख्या आहे. पहिलीतून दुसरी आपोआप निघत नाही.

समानतेसारखे मूलभूत हक्क मुख्यतः ‘राज्या’विरुद्ध मागता येतात, म्हणून हा प्रश्न आधी येतो. अनुच्छेद 12 नुसार राज्यात केंद्राचे सरकार व संसद, राज्यांची सरकारे व विधानमंडळे, आणि भारतातली किंवा भारत सरकारच्या नियंत्रणाखालची सर्व ‘स्थानिक किंवा इतर प्राधिकरणे’ येतात. सगळा वाद या ‘इतर’ शब्दावर चालतो. खालच्या पायऱ्या त्या शब्दासाठी आहेत.

पद्धत समजण्यासाठी दोन काल्पनिक वाद शेवटपर्यंत सोबत ठेवू. पहिला: खारघरमध्ये सिडकोने दिलेला भूखंड सुनावणी न घेता रद्द झाला. दुसरा: उलव्याच्या नवी मुंबई विमानतळावरच्या एका स्टॉलचा करार विमानतळ चालवणाऱ्या कंपनीने मध्येच संपवला. दोन्ही याचिकाकर्ते समानतेचा हक्क, म्हणजे अनुच्छेद 14, पुढे करतात.

## 1. आधी दोन नोंदी: नेमकी संस्था आणि तारीख

कागद उघडण्यापूर्वी ज्या पत्राने तुमचे नुकसान झाले, त्याच्या खाली कोणाची सही आणि कोणाचा शिक्का आहे ते पाहा. बोलताना आपण ‘विमानतळवाले’, ‘बंदरवाले’ म्हणतो. न्हावा-शेव्याला बंदर प्राधिकरण 2021 च्या प्रमुख बंदर प्राधिकरण कायद्याखालचे आहे, पण त्याच आवारातली काही टर्मिनल्स खासगी कंपन्या चालवतात. एकाच रस्त्यावरच्या दोन फाटकांचे उत्तर वेगळे येऊ शकते. उलव्याला तसेच: जमीन व पुनर्वसन सिडकोकडे, विमानतळ चालवण्याचे काम वेगळ्या कंपनीकडे.

दुसरी नोंद तारखेची, आणि ती बहुतेक जण विसरतात. एअर इंडियाच्या कर्मचाऱ्यांनी पगार-बढतीबाबतच्या याचिका दाखल केल्या तेव्हा कंपनी केंद्र सरकारची होती. 27 जानेवारी 2022 रोजी ती खासगी हातात गेली. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी आणि सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये सांगितले की आता या कंपनीविरुद्ध रिट चालणार नाही. याचिका वेळेत दाखल झाली होती, हे उपयोगी पडले नाही.

> तपासा: संस्थेच्या निर्गुंतवणुकीची प्रक्रिया सुरू आहे का? असेल तर लवकर सुनावणीचा अर्ज आणि दिवाणी किंवा कामगार न्यायालयाचा पर्यायी मार्ग, दोन्ही पहिल्या दिवसापासून हाताशी ठेवा.

## 2. संस्थेचा जन्मदाखला पाहा

पुढचा प्रश्न साधा आहे: ही संस्था कायद्याने जन्माला घातली, की कायद्याखाली नोंदली गेली?

महापालिका असेल तर काम इथेच संपते. ठाणे महापालिका आणि तिची परिवहन सेवा ‘स्थानिक प्राधिकरण’ या शब्दात थेट बसतात. त्यांच्यासाठी पुढची कसोटी लावत बसणे म्हणजे वेळ वाया घालवणे.

एमआयडीसी हे वैधानिक महामंडळाचे नमुनेदार उदाहरण. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, 1961 च्या कलम 3 खाली ती स्थापन झाली. तो कायदा नसता तर वागळे इस्टेट किंवा महापे-रबाळे पट्ट्यावर अधिकार चालवणारी ही संस्थाच नसती. अशा महामंडळांची वाट 1967 च्या राजस्थान वीज मंडळाच्या निकालाने मोकळी केली. 1975 च्या सुखदेव सिंग निकालाने ओएनजीसी, एलआयसी आणि औद्योगिक वित्त महामंडळ यांना ‘राज्य’ ठरवून ती पक्की केली. इथे कायद्यातली तीन कलमे नोंदवली की पुरे: स्थापनेचे, सरकारच्या निर्देशांचे आणि विनियम करण्याच्या अधिकाराचे.

सिडको मात्र कंपनी आहे. 17 मार्च 1970 रोजी ती कंपनी कायद्याखाली नोंदली गेली, म्हणजे तिचा जन्म कोपऱ्यावरच्या कुठल्याही प्रायव्हेट लिमिटेडच्या रीतीनेच झाला. कायदा नसता तर ती कंपनी म्हणून नोंदली गेली नसती इतकेच. तिला घडवणारा स्वतंत्र कायदा नाही. ‘कायद्याने किंवा कायद्याखाली स्थापन झालेले महामंडळ’ या शब्दांत निव्वळ नोंदणी झालेली कंपनी बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या एका कंपनीच्या प्रकरणात 2010 मध्ये स्पष्ट केले. तो वाद अपंग व्यक्तींच्या जुन्या कायद्याखालचा होता, पण शब्दांचा फरक तोच.

> सावधान: ‘कंपनी कायद्याखाली नोंदली आहे, म्हणून वैधानिक संस्था आहे’ असे लिहू नका. नोंदणीकृत सोसायट्या आणि सहकारी संस्थांबाबतही हीच चूक होते.

कंपनी निघाली म्हणून निराश व्हायचे कारण नाही. जन्मदाखल्याने फक्त मार्ग बदलतो. 1981 च्या अजय हसिया निकालात कॉलेज चालवणारी एक सोसायटी ‘राज्य’ ठरली, कारण जन्म कसा झाला यापेक्षा कशासाठी झाला हे न्यायालयाने महत्त्वाचे मानले.

## 3. कागद गोळा करा, याच क्रमाने

सुरुवात कंपनीच्या ओळख क्रमांकापासून, म्हणजे लेटरहेडवरच्या CIN पासून करा. तो 21 अक्षरांचा असतो. त्यातली तेरावी ते पंधरावी अक्षरे मालकीचा प्रकार सांगतात: `SGC` म्हणजे राज्य सरकारची कंपनी, `GOI` म्हणजे केंद्राची. सिडकोच्या क्रमांकात `SGC` आहे. ही पुढची दिशा दाखवणारी खूण आहे, पुरावा नव्हे.

मग कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून मेमोरंडम, आर्टिकल्स म्हणजे अंतर्गत कारभाराची नियमावली, आणि शेवटचे वार्षिक विवरण (`MGT-7`) काढा. विवरणातून भागधारकांचे प्रमाण कळते. शासकीय कंपनी ठरायला केंद्र, राज्य किंवा दोघांचे मिळून किमान 51 टक्के भरणा झालेले भागभांडवल लागते, आणि अशा कंपनीची उपकंपनीही त्यात येते.

खरे सोने आर्टिकल्समध्ये असते. लोक मेमोरंडममधली उद्दिष्टे वाचून थांबतात; आर्टिकल्समधली ‘राज्यपाल’ किंवा ‘राष्ट्रपती’ हे शब्द असलेली कलमे शोधत नाहीत. अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक कोण नेमतो, त्यांना मुदतीपूर्वी कोण काढू शकतो, सरकार बंधनकारक निर्देश देऊ शकते का, ठरावीक रकमेपुढच्या खर्चाला कोणाची मंजुरी लागते, वेतनश्रेणी कोण ठरवतो, या पाच प्रश्नांची उत्तरे कलम क्रमांकासह वहीत उतरवा.

शेवटी दोन-तीन वर्षांचे वार्षिक अहवाल आणि शासन निर्णय घ्या. अधिकार कागदावर आहे आणि तो प्रत्यक्ष वापरलाही जातो, हे शासन निर्णयातून दिसते. नुसते ‘निर्देश देऊ शकते’ यापेक्षा ‘अमुक तारखेला निर्देश दिला आणि मंडळाने तो अमलात आणला’ याचे वजन कितीतरी जास्त.

> तपासा: वहीतल्या प्रत्येक ओळीपुढे कागदाचे नाव आणि पान आहे का? नसेल तर ती ओळ याचिकेत घालू नका.

## 4. कसोटी लावा: पैसा, काम, कारभार

अजय हसियात न्यायमूर्ती भगवती यांनी सहा खुणा दिल्या. सगळे भागभांडवल सरकारचे असणे, जवळजवळ सगळा खर्च सरकारी मदतीतून भागणे, सरकारने दिलेली किंवा राखलेली मक्तेदारी, खोलवरचे व सर्वव्यापी नियंत्रण, सार्वजनिक महत्त्वाचे व शासनकार्याशी निगडित काम, आणि एखादे सरकारी खातेच उचलून संस्थेला दिलेले असणे.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. लोक या सहा खुणांची यादी करतात, समोर बरोबरच्या खुणा मारतात आणि चार जुळल्या की ‘पास’ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी 2002 च्या प्रदीपकुमार बिस्वास प्रकरणात हे दार बंद केले आहे. ‘एखादी खूण जुळली म्हणून संस्था राज्य ठरतेच असे नाही,’ हा त्या निकालाचा आशय. सगळी तथ्ये एकत्र ठेवून पाहायचे ते हे: संस्था आर्थिक, कार्यात्मक आणि प्रशासकीय दृष्ट्या सरकारच्या वर्चस्वाखाली किंवा नियंत्रणाखाली आहे का? आणि ते नियंत्रण त्या संस्थेपुरते खास आणि सर्वव्यापी आहे का? त्या प्रकरणातली वैज्ञानिक संशोधन परिषद, म्हणजे सीएसआयआर, पाच विरुद्ध दोन अशा बहुमताने ‘राज्य’ ठरली आणि तिला ‘राज्य’ न मानणारा 1975 चा सभाजित तिवारी निकाल रद्द झाला. म्हणून अजय हसियाच्या सहा खुणा घ्या, पण बिस्वासच्या तीन खणांत भरा.

पैसा. भागभांडवल कोणाचे आणि रोजचा खर्च कशातून चालतो, हे वेगवेगळे प्रश्न आहेत. नफ्यात चालणारी संस्था सरकारी अनुदान घेत नसेल तर मालकीवर भर द्या. मदतीची खूण ओढूनताणून जुळवू नका. उलट, अनुदान मिळते एवढ्यावर विसंबणेही धोक्याचे. एनसीईआरटीला सरकारी पैसा मिळत होता. पण सरकारचा अंकुश त्या पैशाचा नीट विनियोग होतो की नाही एवढ्यापुरताच होता, म्हणून 1991 मध्ये ती ‘राज्य’ ठरली नाही. पैशामागून कारभारावर ताबा आला का, हे पाहावे लागते.

काम. ‘लोकोपयोगी’ हा शब्द इथे फार ताणला जातो. किराणा दुकानही लोकोपयोगी असते. शासन स्वतः करते किंवा फक्त शासनाच्या अधिकारानेच करता येते, असे काम संस्था करते का, हे विचारा. 1976 च्या कायद्याने बर्मा शेलचा व्यवसाय आधी केंद्र सरकारकडे आला आणि मग सरकारी कंपनीकडे गेला. निवृत्त कारकुनाच्या पेन्शनमधली कपात न्यायालयात आली तेव्हा ही साखळीच भारत पेट्रोलियमला ‘राज्य’ ठरवायला मोठा आधार झाली.

कारभार. इथे बहुतेक प्रकरणे जिंकली किंवा हरली जातात. 2003 मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात व्यवस्थापन समितीत सरकारचे प्रतिनिधी एक-तृतीयांश होते. उरलेले दोन-तृतीयांश बाहेरचे, म्हणजे सरकार ठरवेल तेच होईल अशी स्थिती नाही. कारखाना ‘राज्य’ ठरला नाही. तेव्हा ‘संचालक मंडळावर सनदी अधिकारी आहेत’ असे लिहून थांबू नका. एकूण किती, त्यातले सरकारने नेमलेले किती, हे आकड्यात द्या.

## 5. नियामक अंकुश वेगळा काढा

तीन खण भरले की लाल पेन घ्या आणि प्रत्येक ओळीला विचारा: हाच अंकुश त्या क्षेत्रातल्या खासगी कंपनीवरही आहे का? उत्तर ‘हो’ आले तर ओळ खोडा. बँकेवर रिझर्व्ह बँकेची नजर असते, विमान कंपनीवर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, बिल्डरवर महारेराची. तो नियामक अंकुश आहे, आणि बिस्वास निकालानुसार त्याने संस्था ‘राज्य’ होत नाही. 2003 मध्ये फेडरल बँकेच्या प्रकरणात खासगी बँक याच कारणाने बाहेर राहिली.

> सावधान: लाल पेन फिरवल्यावर एक-दोनच ओळी उरल्या तर त्या फुगवू नका. सातव्या पायरीकडे वळा.

## 6. दोन्ही वादांना कसोटी लावून पाहू

खारघरचा भूखंड. सिडकोचे भागभांडवल महाराष्ट्र शासनाचे, म्हणजे पैशाच्या खणात मालकी ठोस. खर्च मुख्यतः जमीन आणि घरांच्या व्यवहारातून चालतो, त्यामुळे अनुदानाची ओळ कोरी ठेवायची. ती कोरी असल्याने काही बिघडत नाही. कामाच्या खणात सगळ्यात वजनदार कागद म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 113 (3अ) खालची नेमणूक. सिडको नवी मुंबईची नवनगर विकास प्राधिकरण आहे, शासनाने संपादित केलेली जमीन तिच्या हाती आली, आणि ती जमीन देण्याविषयीचे 1975 चे विनियम याच अधिनियमाखाली झाले आहेत. हा अधिकार कोणाही खासगी विकासकाला मिळत नाही, म्हणून लाल पेन इथे चालत नाही. कारभारासाठी आर्टिकल्समधली नेमणूक व निर्देशांची कलमे आणि प्रत्यक्ष शासन निर्णय जोडा. तिन्ही खण भरतात. सिडको कंपनी असूनही ‘राज्य’ आहे, आणि सुनावणीशिवाय भूखंड रद्द करण्याला अनुच्छेद 14 ची कसोटी लागते.

उलव्याचा स्टॉल. विमानतळ कंपनीत 74 टक्के वाटा अदानी समूहाचा आणि 26 टक्के सिडकोचा. 51 टक्क्यांची रेषा इथे ओलांडली जात नाही, म्हणजे ती शासकीय कंपनीसुद्धा नाही. ‘सिडको राज्य आहे आणि तिचा वाटा आहे, म्हणून ही कंपनीही राज्य’ हा युक्तिवाद मोहक आहे, पण अल्पवाट्यातून कारभारावर वर्चस्व येत नाही. साखर कारखान्याचा धडा तोच. सुरक्षा आणि शुल्कावरचा अंकुश नियामक, तो खोडला जातो. विमानतळ चालवायला देणाऱ्या सवलत करारातल्या अटी कराराच्या आहेत. त्यांना सर्वव्यापी नियंत्रण म्हणायचे तर अट वाचून दाखवावी लागेल, आणि ती अट स्टॉलच्या निर्णयापर्यंत पोहोचते हे सिद्ध करावे लागेल. एवढ्या सामग्रीवर उत्तर ‘नाही’कडे झुकते.

यावर कोणी 1979 चा रमण शेट्टी निकाल काढेल, कारण तोही मुंबई विमानतळावरच्या रेस्टॉरंट आणि स्नॅक बारच्या निविदेचाच होता. पण तिथला प्रतिवादी आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण होता, संसदेच्या कायद्याने स्थापन झालेला. जागा सारखी म्हणून निकाल लागू होत नाही.

याच विमानतळासाठी जमीन दिलेल्या कुटुंबाला मोबदल्यातल्या साडेबावीस टक्क्यांच्या भूखंडात डावलले, तर मात्र निर्णय सिडकोचा असतो आणि पहिल्या वादाचे उत्तर लागू होते. पहिल्या पायरीत सही कोणाची ते पाहायला सांगितले, ते यासाठी.

## 7. उत्तर ‘नाही’ आले तर

थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा अनुच्छेद 32 चा रस्ता व्यवहारात बंद होतो, पण उच्च न्यायालयाचा अनुच्छेद 226 त्याहून रुंद आहे. त्यात ‘कोणतीही व्यक्ती किंवा प्राधिकरण’ आणि ‘इतर कोणत्याही प्रयोजनासाठी’ असे शब्द आहेत. 2005 च्या झी टेलिफिल्म्स निकालात बीसीसीआय तीन विरुद्ध दोन मतांनी ‘राज्य’ ठरले नाही. तरी सार्वजनिक कार्य करते म्हणून 226 खाली त्याच्याविरुद्ध दाद मागता येते, हे मान्य झाले.

मात्र इथे कसोटीचा रोख बदलतो. संस्था सार्वजनिक काम करते एवढे पुरत नाही. ज्या कृतीवर तक्रार आहे ती कृती त्या सार्वजनिक कर्तव्याचा भाग असावी लागते. 2022 च्या सेंट मेरीज निकालाने शाळेच्या कर्मचाऱ्याच्या नोकरीच्या वादात हे ठामपणे सांगितले. स्टॉलचा करार संपवणे हा बहुधा निव्वळ व्यापारी निर्णय ठरेल, आणि करारातले लवाद कलम किंवा दिवाणी दावा हाच सरळ मार्ग.

## 8. याचिकेतला परिच्छेद

‘राज्य आहे’ हे वाक्य परिच्छेदाच्या शेवटी ठेवा. आधी जन्म, मग पैसा, काम आणि कारभार, प्रत्येकी दोन-तीन वाक्ये, प्रत्येकासमोर जोडपत्राचा क्रमांक. नियंत्रण खास आणि सर्वव्यापी का, हे स्वतंत्र वाक्यात लिहा. त्याखाली ‘पर्यायाने’ म्हणून 226 मधल्या सार्वजनिक कर्तव्याची बाजू मांडा. ती नंतर प्रत्युत्तरात घुसवली तर आक्षेप येतो.

तीन गोष्टी या परिच्छेदात घालू नका. माहिती अधिकार कायद्याखाली संस्था ‘सार्वजनिक प्राधिकरण’ आहे हा मुद्दा, कारण तिथली व्याख्या आणि निकष वेगळे आहेत. महालेखापरीक्षकांची तपासणी होते हा मुद्दा एकटा, कारण ती शासकीय कंपनी असण्याचा परिणाम आहे. आणि महामंडळाचा कर्मचारी असाल तर सरकारी नोकराला बडतर्फीविरुद्ध मिळणारे अनुच्छेद 311 चे संरक्षण. संस्था ‘राज्य’ ठरली म्हणून तिचा नोकर सरकारी नोकर होत नाही. त्याला अनुच्छेद 14 व 16 आणि संस्थेचे सेवा विनियम मिळतात, 311 नाही.

एक तारीखही परिच्छेदाजवळ हवी: आदेश कधी मिळाला आणि याचिका कधी दाखल होते. रमण शेट्टी प्रकरणात प्राधिकरण ‘राज्य’ ठरले आणि निविदेची अट मोडून ठेका देणे चूक ठरले. तरीही दाद मिळाली नाही. याचिकाकर्त्याचा त्या ठेक्यात खरा स्वारस्य दिसला नाही, तो पाच महिन्यांहून अधिक उशिरा आला, आणि तोवर ठेकेदाराने जागेवर सुमारे सव्वा लाख रुपये खर्च केले होते.